व्हॉट्सअ‍ॅपला वारस नेमता येत नाही, मग चॅट घरच्यांपर्यंत पोचवायचे कसे?

माझे काका फोंड्याला वारले तेव्हा आमच्या घराण्याची वंशावळ त्यांच्या फोनमध्ये होती, आणि तीही आवाजात. निवृत्तीनंतर ते रोज संध्याकाळी दुबईतल्या मुलाला दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायचे. आपले मूळ गाव तिसवाडीत कुठे, देव अंत्रुजात आणले तेव्हा घरातले कोण बरोबर आले, कुठल्या पणजोबांना दोन बायका होत्या, असे सगळे त्यात असे. मुलाने मध्येच फोन बदलला आणि जुने काही उतरवून घेतले नाही, त्यामुळे सगळी भिस्त काकांच्या फोनवर होती. फोनचा पिन कोणालाच माहीत नव्हता. तेराव्यानंतर घरातल्या एकाने तो दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "खोलून देतो," आणि त्याने फॅक्टरी रीसेट करून खरेच खोलून दिला. फोन नव्यासारखा परत आला. आत काहीच नव्हते.

तेव्हापासून मी घरातल्या माणसांबरोबर बसून त्यांची ही व्यवस्था लावून देतो. गेल्या चवथीनंतर डिचोलीच्या मावशीकडे बसलो होतो. तिच्याकडे जे केले तेच इथे क्रमाने सांगतो. ती अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप वापरते, आणि आपल्याकडे बहुतेकांचे तसेच असते. आयफोनसाठी जे वेगळे आहे ते पुढे सांगेन.

चॅट नेमके असते कुठे

आपण गेल्यावर घरच्यांनी मरणाचा दाखला पाठवला की कंपनी चॅट काढून देईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. पोचल्यावर तो कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही. न पोचलेला संदेश तिथे जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो, तोही बंद पाकिटातच. त्यामुळे कंपनीकडे द्यायला काही नसतेच. फेसबुकवर किंवा आयफोनच्या खात्यावर आपल्यामागे बघणारा माणूस नेमता येतो, तशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाही.

चॅटच्या जागा दोनच. एक तुमचा फोन, आणि दुसरी गुगल खात्यात जाणारा बॅकअप. बॅकअप नव्या फोनवर उतरवायचा तर तेच गुगल खाते लागते, तोच मोबाइल नंबर चालू लागतो, कारण ओटीपी त्यावर येतो, आणि तुम्ही लावलेले पिन-पासवर्ड लागतात. यातले एकही कमी असले तर बॅकअप असून नसल्यासारखा. तो ड्राइव्हमधून साध्या फाइलसारखा डाउनलोडही करता येत नाही.

म्हणून मी वाट अशी धरतो. व्हॉट्सअ‍ॅपला वारस नेमता येत नाही, पण गुगल खात्याला नेमता येतो. जी चॅट्स मागे राहायला हवीत ती व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर काढून ड्राइव्हमध्ये ठेवायची आणि त्या खात्याला वारस नेमायचा. ही झाली मुख्य वाट. दुसरी वाट म्हणजे खुद्द फोन, त्यासाठी पिनचे एक पाकीट. दोन्ही करावे, कारण एक अडली तर दुसरी लागते.

आधी काय ठेवायचे ते ठरवा

मावशीला मी पहिला प्रश्न विचारला, "तू गेल्यावर यातले कोणाला काय मिळावे?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सगळे नको रे पुता. थोडे माझेच असू दे."

हे पहिल्यांदा ठरवावे, कारण चॅटला दुसरी बाजू असते. मावशीच्या एका मैत्रिणीने आपल्या सासरचे सगळे दुःख तिच्याकडे मोकळे केले होते. मावशीच्या मुलीने ते वाचावे असे त्या मैत्रिणीला कधीच वाटले नसते. ते चॅट मावशीने तिथल्या तिथे पुसले. मला ते योग्य वाटले.

ठेवायची म्हणून पाच निघाली. मस्कतमध्ये असलेल्या मुलीबरोबरचे, वारलेल्या मावसोबांबरोबरचे, भावंडांचा ग्रुप, विहिरीचे काम करणाऱ्या माणसाबरोबरचे (त्यात किती पैसे दिले याचा सगळा हिशेब होता), आणि दरवर्षी माटोळीचे सामान कोणी काय आणायचे ते ठरवणारा वाड्याचा ग्रुप. तिच्या फोनमध्ये दोनशेहून जास्त चॅट्स होती, पण हवी तेवढी पाचच.

इथे एक सेटिंग बघून घ्या. एखाद्या चॅटवर "Disappearing messages" चालू असेल तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी संदेश आपोआप जातात. मावशीच्या मुलीने कधीतरी 90 दिवसांचे लावून ठेवले होते आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. चॅटच्या वरच्या नावावर टॅप केले की ते दिसते. बंद केल्यावर पुढचे संदेश राहतात. गेलेले मात्र परत येत नाहीत.

चॅट बाहेर काढणे

चॅट उघडा, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टॅप करा, मग "More", मग "Export chat". फोटो-आवाजासकट हवे की नुसता मजकूर, असे विचारले जाईल. फोटो-आवाजासकट घेतले तर शेवटचे सुमारे 10,000 संदेश येतात, नुसता मजकूर घेतला तर सुमारे 40,000. म्हणून जुन्या, लांबलचक चॅटसाठी दोन्ही घ्यावे. मजकुराच्या फाइलमध्ये जास्त मागे जाता येते आणि दुसऱ्या प्रतीत फोटो आणि आवाज येतात.

पुढे कुठे पाठवायचे ते विचारले की ड्राइव्ह निवडा. ईमेल निवडू नका. जीमेलची जोडणी 25 एमबीपर्यंतच जाते आणि आवाज-व्हिडिओ असले की ती मर्यादा लगेच ओलांडली जाते. ड्राइव्हमध्ये आम्ही "मावशीची चॅट्स" नावाचा फोल्डर केला आणि प्रत्येक फाइलचे नाव बदलून त्यात माणूस आणि वर्ष घातले. फोनने दिलेले नाव तसेच ठेवले तर दहा वर्षांनी कोणाला काही कळणार नाही.

"Export chat" दाबूनही काही झाले नाही तर त्या चॅटवर "Advanced chat privacy" चालू आहे का ते पाहा. ते चालू असताना चॅट बाहेर काढता येत नाही. भावंडांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ते लावले होते. मावशीने थोरल्या भावाला फोन केला, कशाला हवे ते सांगितले आणि त्याने बंद केले. ग्रुपचे चॅट काढताना असे विचारलेलेच बरे.

बाहेर काढलेली फाइल वाचता येते, पण पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये घालता येत नाही. ती बॅकअपची जागा घेत नाही. वाचायला आणि ऐकायला मात्र पुरते, आणि तिला कुठलाही पिन लागत नाही.

आवाजाचे वेगळे बघा

काकांच्या वेळी हे मला माहीत असते तर निदान मुलाच्या जुन्या फोनमध्ये शोधले असते. व्हॉइस मेसेज हे फोनच्या मेमरीत साध्या फाइल्स म्हणून पडलेले असतात. अँड्रॉइडवर त्यांची जागा ही:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून, स्क्रीन अनलॉक करून, फाइल ट्रान्सफर निवडले की हा फोल्डर दिसतो. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांचे फोल्डर असतात आणि त्यांत `PTT-` ने सुरू होणाऱ्या, शेवटी `.opus` असलेल्या फाइल्स. VLC प्लेअरमध्ये त्या सरळ वाजतात. तुम्ही पाठवलेले आणि तुम्हाला आलेले दोन्ही तिथे मिसळलेले असतात. नावात तारीख असते, पण बोलणारा कोण ते नसते. हीच याची मर्यादा. कोणाचा आवाज कुठला हे ओळखणारे माणूस असतानाच फाइल्सना नावे द्यावीत.

मावशीबरोबर आम्ही एक दुपार त्यालाच दिली. मावसोबांचे 41 संदेश सापडले. बहुतेक "बाजारातून येताना नुस्ते आणतो" असे होते. एकही पुसला नाही.

गुगल खात्याला वारस नेमणे

त्याआधी ते खाते खरोखर तुमचे आहे का ते बघा. आपल्याकडे कित्येकांचे जीमेल फोन घेतला त्या दुकानातच उघडलेले असते. पासवर्ड दुकानदाराने टाकलेला, आणि परत मिळवण्यासाठीचा नंबर कुठला तरी जुना. मावशीचेही तसेच निघाले. फोनच्या सेटिंगमध्ये गुगलवर जाऊन तिच्या नावाखाली पासवर्ड बदलला, रिकव्हरीचा नंबर चालू केला आणि दुसरा ईमेल म्हणून मुलीचा दिला. हे फोन हातात असताना आणि तो उघडा असतानाच सोपे जाते.

मग कॉम्प्युटरच्या किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये हे उघडा:

```
myaccount.google.com/inactive
```

याला "Inactive Account Manager" म्हणतात. खाते किती दिवस न वापरलेले राहिले की तुम्ही नाही असे समजायचे, ते इथे ठरवता येते: 3, 6, 12 किंवा 18 महिने. मुदत संपण्याआधी गुगल तुमच्या नंबरवर आणि ईमेलवर विचारणा करते. उत्तर आले नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवते. अशी 10 पर्यंत माणसे नेमता येतात. प्रत्येकाला काय द्यायचे तेही वेगवेगळे ठरवता येते, आणि ते उतरवून घ्यायला त्यांना 3 महिने मिळतात.

मावशीने मुदत 3 महिने ठेवली आणि मुलीला फक्त ड्राइव्ह आणि फोटो दिले. जीमेल दिले नाही, तिची तशी इच्छा होती. मुलीचा मोबाइल नंबरही द्यावा लागतो, कारण उतरवून घेताना तिची ओळख त्या नंबरवरून पटवली जाते. तो नंबर मस्कतचा आहे, बदलू शकतो. म्हणून तो बदलला की इथेही बदलायचा, असे पाकिटावर लिहून ठेवले.

आता एक मोठी गोम. माणूस गेल्यावर घरचे त्याचा फोन चार्ज करून वायफायवर चालूच ठेवतात, तेव्हा तो अँड्रॉइड फोन गुगलला अधूनमधून हजेरी देत राहतो. गुगलच्या दृष्टीने खाते वापरात असते आणि 3 महिन्यांची मोजणी सुरूच होत नाही. मुलगी मस्कतमध्ये ईमेलची वाट बघत बसेल आणि तो येणारच नाही. म्हणून तिला आधीच सांगून ठेवले की फोन उघडला असेल तर ही वाट विसर, तिची गरजच नाही. फोन उघडत नसेल तर तो बंद करून ठेव, म्हणजे मोजणी सुरू होईल.

पाकीट

फोनच्या वाटेसाठी एक कागद लागतो. त्यावर काय लिहायचे हे ठरवताना मी एकच विचारतो: मावशी आज नाही आणि मुलगी हा फोन हातात घेऊन बसली आहे, तर ती कुठे कुठे अडेल?

पहिल्यांदा स्क्रीनवर अडेल. म्हणून फोनचा पिन. फिंगरप्रिंट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोन रीस्टार्ट झाला किंवा बराच काळ पिन दिला गेला नाही की अँड्रॉइड पिनच मागतो. मावशी रोज बोटाने उघडायची आणि पिन तिला स्वतःलाच नीट आठवत नव्हता. पॅटर्न लावला असेल तर तो कागदावर नीट काढता येत नाही, म्हणून आकड्यांचा पिन करून घ्या.

दुसऱ्यांदा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडेल. "Settings", "Account", "Two-step verification" इथे 6 आकडी पिन असतो. नव्या फोनवर नंबर नोंदवताना तो लागतो. विसरला आणि ईमेल जोडलेला नसेल तर 7 दिवस थांबावे लागते. तिथे ईमेल जोडून टाका.

तिसऱ्यांदा बॅकअपवर. "Settings", "Chats", "Chat backup" मध्ये "End-to-end encrypted backup" चालू असेल तर त्याला वेगळा पासवर्ड किंवा 64 आकड्या-अक्षरांची किल्ली असते. ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. माझे मत सांगतो: पासवर्ड कागदावर लिहिणार असाल तरच हे चालू ठेवा, आणि पासवर्डचाच पर्याय घ्या. 64 ची किल्ली हाताने उतरवताना एक अक्षर चुकले तरी सगळे गेले.

चौथ्यांदा गुगल खात्यात. पासवर्ड तर लागेलच, पण दुहेरी पडताळणी चालू असेल तर गुगल फोनवर विचारणा पाठवेल. त्यासाठी खात्याच्या सुरक्षेत "Backup codes" असतात: 10 कोड, प्रत्येकी 8 आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून पाकिटात घाला.

एवढे चार भाग. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट लॉक करून त्यावर गुप्त कोड लावला असेल तर ते चॅट यादीतही दिसत नाही. शोधाच्या पट्टीत तो कोड टाइप केला तरच उघडते. जे कोणाला दिसू नये त्याला हे ठीक, पण जे मुलीला मिळायला हवे ते चुकून तिथे राहिले तर ते आहे हेच तिला कधी कळणार नाही.

हे मृत्युपत्रात लिहू नका. गोव्यात मृत्युपत्र घरी दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन होत नाही. 2012 च्या वारसाविषयक कायद्याप्रमाणे ते विशेष नोटरीसमोर, म्हणजे आपल्या सब-रजिस्ट्रार कचेरीत होते. पिन वर्षातून दोनदा बदलतो, मृत्युपत्र बदलायला पुन्हा कचेरीत जावे लागते. पिन साध्या कागदावरच असावा. पाकीट कुठे आहे हे दोघांना माहीत असावे आणि ते उघडायचे कोणी हे वर लिहिलेले असावे.

त्या कागदावर मावशीकडून आणखी एक ओळ लिहून घेतली: "हा फोन चॅट आणि फोटोंसाठी आहे, पैशांसाठी नाही." पिन हातात आला की यूपीआयही हातात येते. गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढणे हा सरळ गुन्ह्याचा विषय होऊ शकतो, आणि इतर वारसांशी भांडण तर ठरलेलेच. बँकेचे काम नॉमिनी आणि सक्सेशन डीडच्या मार्गाने व्हावे.

गेल्यानंतर घरच्यांनी कोणत्या क्रमाने करावे

हे एक पान मी पाकिटातच वेगळे ठेवतो. त्या दिवसांत कोणाचे डोके ठिकाणावर नसते.

फोन उघडतो की नाही हे ठरेपर्यंत तो चार्ज ठेवा. पिन अंदाजाने टाकत बसू नका. चुकत गेले की फोन थांबायला लावतो, आणि काही फोनवर ठरावीक चुकांनंतर सगळे पुसण्याची सेटिंग असते. उघडून देतो म्हणणाऱ्या दुकानात नेऊ नका. नेलाच तर "डेटा राहील ना?" असे विचारा. "राहील" असे छातीठोक उत्तर आले नाही तर परत फिरा.

फोन उघडला की सगळ्यात आधी हवी ती चॅट्स बाहेर काढा आणि वर सांगितलेला आवाजाचा फोल्डर आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवा. बाकी सगळे त्यानंतर. विशेषतः सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून व्हॉट्सअ‍ॅप चालू करून बघू नका. व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच मुख्य फोनवर चालते. नव्या फोनवर नोंदवले की जुना बाहेर फेकला जातो आणि तिथली चॅट्स पुन्हा पडताळणी केल्याशिवाय दिसत नाहीत. बॅकअप जुना किंवा अर्धवट असेल तर दोन्हीकडून हात रिकामे. लॅपटॉपवर उघडलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवरही विसंबू नका. मुख्य फोन 14 दिवसांहून जास्त बंद राहिला की तेही लॉग आउट होते.

नंतर सिम. प्रीपेड सिमवर 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर ट्रायच्या नियमाप्रमाणे कंपनी ते बंद करू शकते. काही काळाने तो नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. म्हणून छोटे रिचार्ज मारा, अधूनमधून कॉल करा आणि सवडीने सिम वारसाच्या नावावर करून घ्या. कंपनीच्या दुकानात मरणाचा दाखला, तुमचे ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा लागतो. मरणाचा दाखला पंचायतीतून किंवा नगरपालिकेतून घेताना चार-पाच प्रती जास्त घ्या, हे काम कुठे कुठे निघते ते आधी कळत नाही.

घाई कशाला, तर व्हॉट्सअ‍ॅपचे खाते 120 दिवस इंटरनेटशी जोडलेच गेले नाही तर सहसा काढून टाकले जाते. फोनमध्ये साठलेले मात्र, अ‍ॅप पुसले नाही तोवर, तिथेच राहते. म्हणून जागा भरली म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा घालणे हे सर्वांत वाईट. मी एका घरी तसे झालेले पाहिले आहे.

आयफोन असेल तर

"Settings" मध्ये आपल्या नावावर, मग "Sign-In & Security" मध्ये "Legacy Contact" असते. 5 पर्यंत माणसे नेमता येतात. प्रत्येकासाठी एक किल्ली तयार होते, ती छापून पाकिटात ठेवा. पुढे ती किल्ली आणि मरणाचा दाखला दिला की आयक्लाउडमधले फोटो, नोट्स, फाइल्स आणि तिथे ठेवलेले आयफोनचे संदेश 3 वर्षांपर्यंत बघता येतात, नंतर खाते कायमचे पुसले जाते. साठवलेले पासवर्ड त्यात मिळत नाहीत आणि फोनचा पासकोडही मिळत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपसाठी इथेही तेच: चॅट बाहेर काढून ते फाइल्समध्ये, आयक्लाउड ड्राइव्हवर ठेवायचे, आणि पासकोड पाकिटात.

फेसबुकवर माणूस नेमता येतो पण त्याला मेसेंजरमधले संदेश वाचता येत नाहीत. तिथले काही जपण्यासारखे असेल तर जिवंतपणीच उतरवून घ्यावे.

तालीम

सगळे झाल्यावर मी मावशीच्या मुलीला, ती चवथीला आलेली होती तेव्हाच, पाकीट उघडायला लावले. मावशी समोर बसून होती, पण एक शब्द बोलायचा नाही असे ठरले होते. दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नोंदवून बघायचे नाही, त्याने चालू फोन बाहेर फेकला जाईल. बघायचे ते तीनच: लिहिलेल्या पिनने फोन उघडतो का, माझ्या लॅपटॉपवर लिहिलेल्या पासवर्डने आणि एका कोडने गुगल खाते उघडते का, आणि ड्राइव्हमधली एखादी फाइल खरोखर वाचता येते का.

फोन पहिल्याच खेपेला उघडला. गुगलचा पासवर्ड दोनदा चुकला. मावशीने मराठी वळणाने लिहिलेला 1 मुलीने 9 असा वाचला होता. तो आकडा खोडून शेजारी "एक" असे अक्षरांत लिहिले, आणि मग बाकीचे सगळे आकडेही तसेच पुन्हा लिहून काढले. वापरलेला एक कोड यादीतून काट मारून टाकला. फाइल उघडल्यावर मुलीने मावसोबांचा पहिला आवाज लावला. ते बाजारात उभे राहून विचारत होते, बांगडे आणू की सुंगटां.